नफ्याचा वाटा आणि समाजाचे देणे

कंपनी ही कोणाची? तिच्यात पैसा घालणाऱ्या भागधारकांची, की जिच्या आधाराने ती वाढते त्या समाजाची? हा प्रश्न १९१६ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात न्यायालयापुढे गेला. फोर्ड मोटर कंपनीजवळ त्या वर्षी जवळजवळ ११ कोटी २० लक्ष डॉलरांची शिल्लक होती. हेन्री फोर्ड यांनी भागधारकांचा विशेष लाभांश बंद केला, मोटारीची किंमत ४४० डॉलरांवरून ३६० वर आणली आणि उरलेला पैसा नव्या कारखान्यात घालण्याचे ठरविले. भागधारकांना पुष्कळ मिळाले आहे, आता अधिक माणसांना काम आणि लोकांना स्वस्त मोटार मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. डॉज बंधूंचा कंपनीत दहावा हिस्सा होता. त्यांनी दावा लावला.

१९१९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की व्यापारी कंपनी ही मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी स्थापन होते. तो हेतू बाजूस सारून इतरांचे कल्याण करण्याचा अधिकार संचालकांना नाही. सुमारे १ कोटी ९३ लक्ष डॉलर लाभांश वाटण्याचा हुकूम झाला. मात्र त्याच न्यायालयाने नव्या कारखान्याचे काम थांबविले नाही. धंदा कसा चालवावा हे न्यायाधीशांनी संचालकांना शिकवू नये, असे त्याने म्हटले. म्हणजे तत्त्व भागधारकांच्या बाजूने लागले, पण दूरच्या हिताचे कारण दाखवून खर्च करण्याची वाट संचालकांना मोकळी राहिली.

सामाजिक उत्तरदायित्वाच्या विरोधी पक्षाला सर्वांत नेमके रूप दिले ते अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी, १९७० साली. त्यांचा युक्तिवाद असा: संचालक हे मालक नव्हेत, मुखत्यार आहेत. त्यांनी कंपनीच्या पैशातून दानधर्म केला, तर तो पैसा भागधारकांच्या लाभांशातून, गिऱ्हाइकांच्या किमतीतून किंवा कामगारांच्या वेतनातून येतो. हा एक प्रकारचा करच झाला. आणि तो बसविणाऱ्यांना कोणी निवडून दिलेले नाही. भागधारकाने आपला लाभांश घरी नेऊन हवे तेथे दान करावे. मात्र फ्रीडमन यांनीही नफ्याला एक अट घातली होती, ती पुष्कळदा विसरली जाते: धंदा नियमांच्या चौकटीत, फसवणुकीशिवाय चालला पाहिजे.

समर्थकांचे उत्तर याच अटीपाशी सुरू होते. नियम अपुरे असले, किंवा ते पाळले गेले नाहीत, तर काय? शिवाय कंपनी बुडाली तर भागधारकाची रक्कम जाते, त्याचे घरदार जात नाही. मर्यादित जबाबदारीची ही सवलत समाजाने कायद्याने दिलेली आहे. तोटा एका मर्यादेपलीकडे इतरांनी सोसावयाचा, तर इतरांचा काही हक्क मानलाच पाहिजे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे युनियन कार्बाइडच्या भारतीय उपकंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. कंपनीचा हिशोब तेथे मिटला. लोकांच्या फुप्फुसांचा मिटला नाही. नुकसान होऊन गेल्यावर चालणारा कायदा पुरेसा नसतो, हे यावरून दिसते.

भारताने या वादात एक निराळी वाट धरली. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरविले, की ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ मालमत्ता ५०० कोटी असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी. १ एप्रिल २०१४ पासून हे कलम लागू झाले. जे कर्तव्य मनाचे होते, ते आता त्रैराशिकाचे झाले.

हे गणित प्रत्यक्षात कसे चालते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. नदीकाठी रंग तयार करणारा एक कारखाना आहे. त्याचा तीन वर्षांचा नफा ४०, ५० आणि ६० कोटी. सरासरी ५० कोटी. तिचे दोन टक्के म्हणजे १ कोटी. संचालकांपुढे तीन सूचना येतात. पहिली, सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र वाढवावे. दुसरी, केवळ कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह बांधावे. तिसरी, शेजारच्या गावातील शाळेला चार खोल्या बांधून द्याव्यात. पहिला खर्च या हिशोबात धरता येत नाही, कारण १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने ते काम कारखान्यावर बंधनकारकच आहे. दुसराही बसत नाही, कारण त्याचा लाभ फक्त नोकरांना होतो. तिसरा बसतो.

खोल्या बांधल्या जातात. दारावर कंपनीच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. समर्थक म्हणतील, कायदा नसता तर या गावाला खोल्या मिळाल्याच नसत्या. आणि संचालकांना अजूनही ९८ टक्के नफा मोकळा आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे. २०२१ पासून तर न खर्चलेली रक्कम कंपनीला स्वतःजवळ ठेवता येत नाही. चालू कामासाठी असेल तर ती निराळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्चावी लागते, एरवी सरकारी निधीत भरावी लागते. नाही तर दंड होतो.

विरोधक म्हणतील, हा करच आहे, फक्त तो सरकारी तिजोरीत न जाता संचालकांच्या हातून वाटला जातो. त्यांचेही म्हणणे खोटे नाही. कायदा कंपनीच्या आसपासच्या प्रदेशाला अग्रक्रम द्यावयास सांगतो; म्हणून जेथे कारखाने आहेत तेथे पैसा जातो, आणि जो जिल्हा कारखान्याविना दरिद्री आहे, तो पाटीविनाही राहतो.

परंतु सर्वांत मोठी अडचण या दोहोंच्या पलीकडे आहे. आपल्या कारखान्याने दोन टक्क्यांचा हिशोब चोख दिला, तरी त्याचा नाला रंगीतच वाहू शकतो. एक कोटीच्या खोल्यांचा गाजावाजा होतो, सांडपाण्याच्या यंत्रावर वाचविलेला पैसा मात्र कोणाच्या नजरेस येत नाही. खर्चाचे फळ काय, याची त्रयस्थाकडून तपासणी फक्त मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या कामांपुरती बंधनकारक आहे. जिचा वाटा १ कोटीचा आहे तिला ती लागू नाही. म्हणून खोल्यांत शिक्षक आहे की कुलूप, हे गावानेच पाहावयाचे.

तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. कंपनी पैसा कसा मिळविते, हा एक. मिळविलेल्यातून काय देते, हा दुसरा. फ्रीडमन यांची नियमपालनाची अट आणि समर्थकांची समाजाच्या हक्काची मागणी, ही दोन्ही पहिल्या प्रश्नापाशी एकत्र येतात. मतभेद उरतो तो दुसऱ्यापुरता. दोन टक्क्यांचा कायदा दुसऱ्याचे उत्तर देतो, पहिल्याचे देत नाही. कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला, तर शाळेच्या छायाचित्राचे पान जरूर पाहावे. पण त्याबरोबर प्रदूषण मंडळाच्या नोटिसा, कामगारांचे अपघात आणि चालू खटले यांची नोंदही शोधावी. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचल्यावरच त्या कंपनीविषयी मत बनवावे.