एका पानात काम सांगायचं तर

(माळेगाव बुद्रुक येथे तरुण व्यावसायिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी कुणी सॉफ्टवेअर करतं, कुणी ठिबकची जोडणी, कुणी सोलरचं काम, कुणी दुकानदारांचे हिशेब. पहिलं काम आपल्याला बहुतेक वेळा ओळखीतून मिळतं. मामाच्या मित्राचं दुकान असतं, नाहीतर अब्बांच्या जुन्या मालकाचा गोठा. पाचवं-सहावं काम मिळवायचं तर ओळख संपलेली असते. इंदापूरच्या किंवा फलटणच्या अनोळखी माणसासमोर आपण बसतो आणि तो विचारतो, "आधी कुठं केलंय?" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक पान. ग्राहकाची अडचण काय होती, आपण काय केलं आणि मोजून काय फरक पडला, एवढंच त्यात असतं. त्याला केस स्टडी म्हणतात. आज फक्त तिसऱ्या भागाबद्दल, म्हणजे मोजलेल्या फरकाबद्दल जास्त बोलणार आहे, कारण पान तिथेच फसतं.

उदाहरण घेऊ दूध संकलन केंद्राचं. हे केंद्र मी आजच्या बोलण्यासाठी रचलेलं आहे आणि आकडे समजावण्यापुरते आहेत. पण कामाची पद्धत तुमच्या गावातलीच आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येतं. वजन होतं, फॅट आणि एसएनएफ तपासला जातो, दरपत्रकात बघून दर लावला जातो आणि सगळं वहीत उतरतं. दर दहा दिवसांनी बिल निघतं. त्यातून पशुखाद्याचे पैसे आणि उचल वजा होते. १२० उत्पादक असतील तर दहा दिवसांत २,४०० नोंदी होतात. हे सगळं एक माणूस हाताने करतो.

आता एक तरुण तिथे सॉफ्टवेअर बसवतो. वजनकाटा आणि फॅट मशीन केबलने संगणकाला जोडतो, म्हणजे आकडा हाताने लिहायची गरज उरत नाही. दरपत्रक संगणकात भरतो. प्रत्येक उत्पादकाला छापील पावती मिळते. महिन्याभराने केंद्रचालक खूश होतो. मग हा मुलगा पान लिहायला बसतो आणि लिहितो, "चुका खूप कमी झाल्या, वेळ वाचला, शेतकरी समाधानी." वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. किती चुका होत्या? त्याला माहीत नाही, कारण काम सुरू करण्याआधी त्याने मोजल्याच नाहीत. आता मोजायचं म्हटलं तरी जुनी पद्धत बंद झालेली.

म्हणून सॉफ्टवेअर बसवण्याच्या आधी एक महिना, म्हणजे तीन बिलं, काहीही न बदलता फक्त मोजायचं. काय मोजायचं हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पहिल्यांदा सुचतं की तक्रारी मोजू. पण वहीतला आकडा उत्पादकाला दिसतच नव्हता, त्यामुळे तो तक्रार कशाची करणार? छापील पावती हातात आली की तो रोज आकडा वाचतो, आणि पहिल्या महिन्यात तक्रारी उलट वाढू शकतात. काम चांगलं झालेलं असतं आणि तुमचाच मापदंड सांगतो की बिघडलं. त्यापेक्षा बिल निघाल्यावर तपासून ज्या नोंदी खरोखर दुरुस्त कराव्या लागल्या, त्या मोजा. वहीत खाडाखोड दिसते, पुढच्या बिलात फरकाची रक्कम दिसते. त्याचा कागद राहतो. दुसरं माप म्हणजे बिल तयार करायला लागलेले तास. ते घड्याळ लावून लिहून ठेवायचे. "साधारण दिवस जातो" हे चालणार नाही.

आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी कारण लिहायचं. आकडा उतरवताना चुकला, दरपत्रकात ३.५ फॅटच्या ओळीऐवजी शेजारची ओळ पाहिली, बेरीज चुकली, की एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर गेलं? हे आत्ता कंटाळवाणं वाटेल, पण पुढे पानातला सगळ्यात खरा भाग यातूनच येतो.

समजा त्या तीन बिलांत ७,२०० नोंदींमध्ये १०८ दुरुस्त्या निघाल्या. सॉफ्टवेअर बसलं, पहिला महिना हात बसण्यात गेला, तो सोडून दिला. पुढची तीन बिलं मोजली तर ३६ दुरुस्त्या. मुलगा आनंदाने लिहितो, "चुका एक तृतीयांशावर आल्या." पण दरम्यान थंडी आली. हिरवा चारा वाढला, दूध वाढलं, नवे उत्पादक जोडले गेले. आता १५० जण दूध घालतात आणि तीन बिलांत ९,००० नोंदी झाल्या. नुसत्या आकड्यांची तुलना केली तर दोन वेगवेगळ्या मापांनी मोजल्यासारखं होतं. दर हजार नोंदींमागे बघा. आधी १५, आता ४. इथे योगायोगाने योग्य हिशेब आपल्याच बाजूने निघाला. उन्हाळ्यात दूध आटल्यावर मोजलं असतं, तर नुसता आकडा आपोआप कमी दिसला असता आणि त्याचं श्रेय आपण घेतलं असतं.

टक्केवारीबद्दल एक सांगतो, आणि ते तुम्हाला माळेगावात सांगणं सोपं आहे. कारखान्याचा साखर उतारा इथे घरोघरी बोलला जातो. उतारा ११ वरून ११.५ झाला, तर तो अर्ध्या टक्क्याने वाढला म्हणायचं की साडेचार टक्क्यांनी? दोन्ही हिशेब बरोबर आहेत, आणि म्हणूनच वाचणारा गोंधळतो. पण एक टन उसातून ११० किलोऐवजी ११५ किलो साखर निघाली असं सांगितलं, की वाद संपतो. आपल्या पानातही तसंच. "७३ टक्के सुधारणा" असं लिहिण्यापेक्षा "हजारात १५ होत्या, ४ झाल्या" असं लिहा. टक्के ज्याला काढायचे तो काढेल.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उपग्रह, हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर वापरून ऊस घेण्याचा प्रयोग केला. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने जगभर त्याची गोष्ट सांगितली. तीही एका अर्थाने ग्राहकाची यशोगाथाच. त्यात मला आवडलेली बाब म्हणजे नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या उसाशी केलेली तुलना. पाऊस चांगला झाला म्हणून ऊस वाढला, असं मग कुणी सहज म्हणू शकत नाही. आपल्या छोट्या कामात असा वेगळा प्लॉट दर वेळी मिळत नाही. पण केंद्रचालकाचं दुसऱ्या वाडीत जुन्या पद्धतीचं केंद्र असेल, तर त्याच महिन्यातल्या तिथल्या दुरुस्त्याही मोजून ठेवा. फुकटात तुलना मिळते.

आता अडचणीचा भाग. इथे तरुण लेखणी जरा जास्तच चालवतात. "केंद्रात हिशेबाचा गोंधळ होता, शेतकऱ्यांना कमी पैसे मिळत होते." अहो, ते पान उद्या त्याच गावात फिरणार आहे. ज्यांनी तुम्हाला काम दिलं, चहा पाजला, त्यांच्यावर तुम्ही चोरीचा आळ घेताय. शिवाय ते खरंही नसतं. हाताने हजारो आकडे उतरवले की चुका दोन्ही बाजूंनी होतात. माझी कसोटी अशी आहे: केंद्रचालकाला ते पान आपल्याच उत्पादकांसमोर मोठ्याने वाचता आलं पाहिजे. तसंच रोजचं किती लिटर संकलन होतं ते लिहू नका. ती माहिती शेजारच्या डेअरीला हवीच असते. दर हजार नोंदींचं माप इथेही कामी येतं.

मग पान साधारण असं होईल:

"एका संकलन केंद्रावर दररोज दोन वेळा दुधाच्या नोंदी हाताने होत. एका बिलासाठी ९ तास लागत आणि दर हजार नोंदींमागे १५ दुरुस्त्या कराव्या लागत. त्यातल्या बहुतेक आकडा उतरवताना किंवा दरपत्रक पाहताना झालेल्या होत्या.

आम्ही वजनकाटा आणि फॅट मशीन थेट संगणकाला जोडले आणि दर आपोआप लागेल अशी सोय केली. जुनी उचल आणि पशुखाद्याची बाकी केंद्रचालकांनी स्वतः वहीतून तपासून दिली. पहिल्या बिलापर्यंत वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवले.

पहिला महिना वगळून पुढच्या तीन बिलांत दर हजार नोंदींमागे ४ दुरुस्त्या झाल्या आणि बिलाला अडीच तास लागले. उरलेल्या दुरुस्त्या मुख्यतः उत्पादकाचा कोड चुकीचा टाकल्यामुळे होत्या. उरलेला वेळ कपातीची तपासणी करण्यात जातो. फॅट मशीनची अचूकता या कामात तपासलेली नाही."

शेवटची वाक्यं काही जणांना काढून टाकावीशी वाटतील. "आपली उणीव आपणच कशाला सांगायची?" असा प्रश्न मला नेहमी येतो. पण दूध केंद्र चालवणाऱ्या माणसाला कोड चुकतात हे माहीत असतं. ते पानात दिसलं की त्याला कळतं, हा मुलगा काट्याजवळ उभा राहिलाय. आणि फॅट मशीनचं वाक्य नसेल, तर सहा महिन्यांनी तो म्हणेल, "तुमचं सॉफ्टवेअर लावलं तरी फॅट कमीच लागतो." मशीन वेळेवर स्वच्छ करणं आणि प्रमाणित करून घेणं हे वेगळं काम आहे. केबलने चुकीचा आकडा तितक्याच वेगाने संगणकात जातो.

मधल्या परिच्छेदातलं वहीतून बाकी तपासून देण्याचं वाक्यही मुद्दाम ठेवलंय. ग्राहकाच्या मेहनतीशिवाय ते काम झालंच नसतं. पुढच्या ग्राहकालाही आधीच कळतं की दोन रात्री आपल्यालाही बसावं लागेल.

छापण्याआधी पान ग्राहकाला मराठीत वाचून दाखवा, नाव घालायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या, आणि होकार मेसेजवर घेऊन ठेवा. उत्पादकांची नावं कधीच घालू नका. खाली मोजणीचा काळ लिहा, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. मोजणीचा मूळ कागद फाइलला लावून ठेवा. समोरचा माणूस "हे १५ कुठून आले?" असं विचारतो तेव्हा तो कागद टेबलावर ठेवायचा असतो.