नारळांची पिशवी : लघुपटातील दोन माणसांचा संवाद



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्या सरांनी वर्गात नाटके वाचून दाखविली आणि आमचे कान तयार केले. म्हणून आज विषयही कानाचाच निवडला आहे. लघुपटात दोनच माणसे समोरासमोर आहेत आणि त्यांचे बोलणे लिहायचे आहे. ते खरे वाटावे आणि थोडक्यात व्हावे, यासाठी नेमके काय करावे लागते, एवढेच मी सांगणार आहे.

आपला बेळगाव भाग नाटकवेडा. १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यामुळे आमच्याकडचा तरुण लघुपट लिहायला बसला, की त्याच्या कानात रंगमंचावरचे वाक्य घुमत असते. ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी घडविलेले असते, आणि रंगमंचावर ते योग्यच. कॅमेरा मात्र माणसाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहतो. बोटांची चाळवाचाळव, गिळलेला आवंढा, टाळलेली नजर, सारे त्याला दिसते. जे दिसते ते पुन्हा शब्दांत सांगितले, की प्रेक्षकाला आपण मंदबुद्धी ठरविले जात आहोत असे वाटू लागते.

तरीही या विद्येचा उत्तम धडा नाटकातच आहे, हे मान्य केले पाहिजे. चेकॉव्हचे ‘चेरी ऑर्चर्ड’ १९०४ साली मॉस्कोत प्रथम रंगभूमीवर आले. त्याच्या चौथ्या अंकात लोपाखिन आणि वार्या यांचा एक लहानसा प्रसंग आहे. त्याने तिला लग्नाची मागणी घालावी अशी घरातल्या सर्वांची अपेक्षा आहे. तो आत्ताच विचारतो असे कबूलही करतो. दोघांना एकटे सोडले जाते. ती सामानात काहीतरी शोधत राहते. तो विचारतो, आता कुठे जाणार? ती नव्या नोकरीचे सांगते. मग तो थंडीबद्दल बोलतो, पारा किती खाली गेला आहे ते सांगतो. ती म्हणते की आपण पाहिले नाही, आणि घरातला तापमापक तर मोडलेला आहे. तेवढ्यात बाहेरून कोणी हाक मारते आणि तो, जणू त्या हाकेचीच वाट पाहत होता, असा निघून जातो. लग्न हा शब्द दोघांपैकी एकाच्याही तोंडी येत नाही आणि तरीही एक लग्न आपल्यासमोर मोडते. शब्दांखाली वाहणाऱ्या या अर्थाला इंग्रजीत सबटेक्स्ट म्हणतात. मी त्याला नुसते ‘खालचा अर्थ’ म्हणेन.

हा प्रसंग उभा राहतो तो कशाच्या बळावर? दोघे काय टाळत आहेत हे आपल्याला आधीच ठाऊक असते, त्याच्या. हा मुद्दा नवे लेखक हमखास विसरतात, म्हणून एक प्रसंग उकलून दाखवितो.

आपल्या गावातलेच एक घर घेऊ. वडील वारले आहेत. धाकटा भाऊ त्याच घरात राहतो. थोरली बहीण, अक्का, सासरी असते. वर्षातून एकदा येते. घर भावाच्या एकट्याच्या नावावर व्हायचे तर अक्काचे हक्कसोडपत्र हवे, आणि ते नोंदविण्यासाठी तिने कचेरीत जायला हवे. आज रविवार, संध्याकाळी तिची बस आहे आणि भावाने अजून विषय काढलेला नाही. शिबिरात हा प्रसंग दिला, की पहिल्या दिवशी बहुतेक मुले तो साधारण असा लिहितात :

भाऊ : अक्का, तुला माहीतच आहे की आप्पा जाऊन आठ महिने झाले. घर अजून त्यांच्याच नावावर आहे. तुझी सही मिळाली तर सगळं सुरळीत होईल.

अक्का : मला वाईट याचं वाटतं की सहीपुरतीच मी तुला आठवले. पण आप्पांच्या आठवणीसाठी मी सही करीन. मला काही नको.

यात खोटे असे काहीच नाही, आणि तरीही सारे खोटे वाटते. ‘तुला माहीतच आहे’ हे शब्द आले की लेखकाने थांबावे. समोरच्याला माहीत असलेली गोष्ट माणूस सांगत नाही. येथे ती सांगितली जात आहे प्रेक्षकाला. अक्काचे दुःखही तिने स्वतःच मोजून, नाव घालून पुढे ठेवले आहे. दुखावलेली माणसे इतकी व्यवस्थित बोलत नाहीत.

मग माहिती कुठे द्यायची? ज्याला तिच्याशी काही देणेघेणे नाही, त्याच्या तोंडी. आधीच्या दृश्यात वकिलाचा कारकून कागद हातात देताना भावाला म्हणतो, ‘बहिणीची सही झाली की झालं. उद्या अकरापर्यंत कचेरीत घेऊन या.’ त्याच्या दृष्टीने ते रोजचे काम आहे, म्हणून तो सरळ बोलू शकतो. भावनेचा भार नसलेल्या माणसाकडून आलेली माहिती कानाला खटकत नाही.

यानंतर शब्दांशिवाय दोन गोष्टी दाखवायच्या. भाऊ घरी येऊन तो कागद पलंगावरच्या वर्तमानपत्राखाली सारतो. थोड्या वेळाने अक्का तिथून जाते, तिला स्टॅम्पपेपरचा कोपरा बाहेर आलेला दिसतो, आणि ती वर्तमानपत्र नीट ओढून तो झाकते. बस्स. भावाला काय हवे आहे हे तिला कळले आहे, आणि तिला कळल्याचे त्याला ठाऊक नाही. आता त्यांना मागच्या अंगणात आणून काहीही बोलायला लावा, प्रत्येक शब्दाखाली तो कागद असणारच.

‘काहीही’ म्हणालो खरा, पण हाताला काम हवे. रिकाम्या हातांची माणसे एकमेकांकडे पाहून भाषण करू लागतात. येथे भाऊ बहिणीच्या पिशवीत परसातले नारळ भरतो आहे आणि ती पायरीवर बसली आहे.

अक्का : एवढे कशाला?

भाऊ : असू दे की.

अक्का : दरवर्षी दोन देतोस.

(तो आणखी एक भरतो.)

भाऊ : दाजी काय म्हणतात?

अक्का : काय म्हणणार. गुडघे दुखतात म्हणतात.

(दोघे गप्प.)

भाऊ : माडाला यंदा बरं लागलंय.

अक्का : आप्पांनी लावलेला.

भाऊ : हं.

(अक्का पिशवी जवळ ओढते. एकेक नारळ काढून पायरीवर ठेवते. दोन राहतात.)

अक्का : उद्या दुपारी बस असते का?

तीसहूनही कमी शब्द झाले. भाऊ नारळांनी काहीतरी फेडू पाहतो आहे. ‘दरवर्षी दोन देतोस’ या वाक्यात अक्काने त्याला पकडले आहे आणि सोडूनही दिले आहे. ‘दाजी काय म्हणतात’ हा त्याचा खरा प्रश्न. तुझ्या घरून हरकत तर नाही ना, असा. ती तो बरोबर ओळखते आणि गुडघ्यांवर नेऊन ठेवते. अशी बगल दिली की संवाद जिवंत होतो. उलट, प्रश्नामागून नेमके उत्तर येत राहिले, की ऐकणाऱ्याला उलटतपासणी चालल्यासारखे वाटते.

शेवटच्या वाक्यातला एक शब्द पाहा. ‘उद्या सकाळी’ असते तर ती फक्त एक रात्र जास्त राहिली असती. ‘दुपारी’ म्हटल्याने सकाळ कचेरीसाठी मोकळी झाली. तिने सही दिली, आणि आठ-दहा नारळ परत ठेवून तिची किंमत घेतली नाही. हे परत ठेवणे मी संवादात आणले नाही, कारण ‘मला काही नको’ म्हणणारी बहीण आणि मुकाट्याने नारळ काढून ठेवणारी बहीण या दोन वेगळ्या बायका आहेत. दुसरीचा भावाला धाक वाटतो.

भाषेचेही दोन शब्द बोलतो. मी आता ज्या मराठीत बोलतो आहे, तिच्यात पात्राला बोलू देऊ नये. ‘असू दे की’ यातला ‘की’ आपल्या भागाचा आहे. पुण्याच्या माणसाच्या तोंडी तो असा येणार नाही. ‘अक्का’ आणि ‘दाजी’ यांनी नाते सांगून टाकले, त्यासाठी वेगळे वाक्य लागले नाही. मराठीत तर ‘तू’चे ‘तुम्ही’ झाले एवढ्यानेही भांडण दाखविता येते. याच भावाला पुढच्या प्रसंगी दाजींशी बोलताना एरवीपेक्षा अधिक अदबीने बोलायला लावले, की त्याच्या मनातला अपराध कळेल.

आता यात बिघडते कुठे, तेही सांगतो. शब्द कमी करण्याची गोडी लागली, की काही लेखक कारकुनाचे वाक्यही कापतात, वर्तमानपत्राचे दृश्यही कापतात, आणि उरते ते कोडे. दोन माणसे नारळांबद्दल बोलतात, इतकेच प्रेक्षकाला दिसते. याची परीक्षा सोपी आहे. ज्याला गोष्ट ठाऊक नाही अशा माणसाला आधीच्या दृश्यांसह लिखाण वाचायला द्यावे आणि ‘कसे वाटले’ असे न विचारता, ‘याला काय हवे आहे आणि तिला काय हवे आहे’ असे विचारावे. दोन्ही उत्तरे आली नाहीत तर शब्द वाढवू नयेत, आधीचे दृश्य दुरुस्त करावे. खाली कोणतीच मागणी नसताना नुसते ‘हं’ आणि मौन लिहिणे हा दुसरा दोष. महोत्सवांच्या लघुपटांत तो मला फार आढळतो.

दुसरी परीक्षा घड्याळाची. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. असल्या प्रसंगात तो फसतो, कारण पान अर्धे भरते आणि नारळ काढायला वेळ लागतो. म्हणून दोघांनी समोरासमोर बसून, हातात खरी पिशवी घेऊन तो वाचावा. वाचताना जीभ अडखळेल तेथे बहुधा लिखित मराठी शिरलेली असते.

राहिले नट. ‘आप्पांनी लावलेला’ या वाक्यावर डोळ्यांत पाणी आणण्याचा मोह चांगल्या अभिनेत्रीलाही होतो. लेखकाने कंसात ‘रडू नये’ असे लिहून काही साधत नाही. मी त्या वाक्याच्या वेळी तिला नारळाच्या शेंडीचे धागे सोलायला देतो. धागे चिवट असतात आणि तिला खाली पाहावेच लागते.