तापाची गोळी आणि यकृत



आपल्या नांदेड-लातूरकडील घराघरांत जी गोळी फळीवरच्या डब्यात असतेच, त्या पॅरासिटामॉलविषयी आज मी बोलणार आहे. योग्य प्रमाणात घेतल्यास हे निर्धोक औषध आहे. अनर्थ ओढवतो तो बेरीज चुकल्याने. आणि बेरीज चुकते ती एकच औषध निरनिराळ्या नावांनी घरात येत असल्यामुळे.

कल्पना करा, सोयाबीनच्या काढणीत राबणाऱ्या, पंचेचाळीस किलो वजनाच्या एका भगिनीस ताप आला. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी तिने दिवसातून चार वेळा घेतली. हे झाले २६००. सर्दीच्या गोळीत हेच औषध ५०० मिलिग्रॅम होते; ती तीन वेळा घेतली, म्हणजे १५००. अंगदुखीच्या गोळीत ३२५ होते. तीही तीन वेळा, म्हणजे ९७५. एकूण ५०७५! धडधाकट प्रौढाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन पन्नास किलोहून कमी असेल, पोटात अन्न नसेल अथवा मद्याचे व्यसन असेल, तर दोन ते तीन हजारांपुढे जाऊ नये, आणि तेही वैद्यकीय सल्ल्यानेच. तापाने अन्न सुटलेल्या त्या भगिनीने असेच तीन दिवस काढले.

या औषधाचा थोडा अंश यकृतात विषारी द्रव्यात रूपांतरित होतो. यकृतातील ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते विष निकामी करतो. मात्रा अतिरेकी झाली किंवा उपासमार घडली, की हा साठा आटतो आणि विष यकृताच्या पेशींनाच मारू लागते.

यातील कपट असे, की पहिल्या दिवशी मळमळ, वांती यांपलीकडे काही जाणवत नाही. कित्येकदा तेवढेही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखते. पुढे डोळे पिवळे होतात, भ्रम होतो. तोवर उपचाराचा उत्तम काळ निघून गेलेला असतो. अशा वेळी काविळीच्या गावठी औषधात दिवस घालविणे प्राणघातक ठरते.

यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. तो ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढतो. एकाच वेळी जास्त गोळ्या पोटात गेल्या असता आठ तासांच्या आत तो मिळाल्यास यकृत बहुधा वाचते. उशिराही तो उपयोगी पडतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, घरी वांती न करविता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठे रुग्णालय गाठावे; नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. किनवटसारख्या दूरच्या गावाहून निघणाऱ्याने तर क्षणही दवडू नये. सोबत सर्व गोळ्यांची वेष्टने न्यावीत, आणि कोणती गोळी केव्हा व किती घेतली ते सांगावे. गोळ्या अनेक दिवस थोड्या थोड्या घेतलेल्या असतील, तर तेही स्पष्ट सांगावे. कारण तेव्हा रक्तातील औषधाच्या एका मापनावर विसंबता येत नाही, यकृताचीही तपासणी करावी लागते.

नवी गोळी घेताना दुकानदारास एकच प्रश्न विचारा: “हिच्यात पॅरासिटामॉल आहे काय, आणि किती?” मग घरात बेरीज करा.