घराचा हप्ता आणि एका पगाराचे घर

(भोकर येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामपंचायत सदस्यांसमोर माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गृहकर्जाच्या चौकशीसाठी आपण बँकेत जातो, तेव्हा आपला पहिला प्रश्न बहुधा असा असतो : "मला किती कर्ज मिळेल?" बँक पगारपत्रक पाहते, नोकरीची शिल्लक वर्षे मोजते आणि एक आकडा सांगते. तो आकडा बँकेच्या दृष्टीने बरोबर असतो. परंतु ज्या घरात मिळवणारा माणूस एकच आहे, त्या घराने विचारावयाचा पहिला प्रश्न वेगळा आहे. "वाईटात वाईट महिन्यात आमच्या घरातून किती हप्ता सुखाने जाईल?" हा तो प्रश्न होय. त्याच्या उत्तरावरून कर्जाची मुदत, कर्जाची रक्कम, स्वतःजवळून भरावयाचा पहिला भरणा आणि सर्वांत शेवटी घराची किंमत ठरवावयाची असते. आपल्याकडे प्रत्यक्षात हा क्रम उलटा असतो. घर आधी पसंत होते आणि मग त्याच्या मापाने हप्ता ओढूनताणून बसविला जातो.

हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भोकर येथे भाड्याने राहणारे एक शिक्षक आहेत. वय 38. पत्नी घर सांभाळते, दोन मुले शाळेत आहेत, आई सोबत राहते. सर्व कपाती जाऊन हाती पगार येतो 60,000 रुपये. आजवरची शिल्लक 9 लाख रुपये आहे.

सुरक्षित हप्ता कसा काढावा

या कुटुंबाचा दरमहाचा खर्च 32,000 रुपये असून त्यात घरभाडे 6,000 रुपये आहे. स्वतःचे घर झाल्यावर भाडे वाचेल, म्हणजे 26,000 रुपये उरतील. पण एवढ्यावर थांबल्यास हिशेब फसतो. शाळेची फी, विम्याचा हप्ता, सणवार, लग्नकार्यातील आहेर, गावाकडच्या शेतीला पेरणीच्या वेळी द्यावी लागणारी मदत हे खर्च महिन्याचे नसतात, वर्षाचे असतात. ते 84,000 रुपये धरले तर महिन्याला 7,000 रुपये होतात. शिवाय स्वतःच्या घराला मालमत्ता कर आणि दुरुस्ती लागते. त्यासाठी 1,500 रुपये धरू. एकूण खर्च 34,500 रुपये झाला व शिल्लक राहिले 25,500 रुपये. त्यातूनही 5,500 रुपये दरमहा गंगाजळीत पडले पाहिजेत, कारण दुसरा पगार नसलेल्या घराचा दुसरा पगार म्हणजे ही गंगाजळीच. तेव्हा या कुटुंबाची हप्त्याची कमाल मर्यादा 20,000 रुपये ठरली.

येथे दोन गोष्टींची आठवण ठेवावी. पतसंस्थेच्या कर्जाची कपात पगारातून होत असेल, तर ती वजा करूनच हाती पगार धरावा. तसेच आपण सहकाऱ्यास जामीन राहिलो असू, तर त्याने कर्ज थकविल्यास वसुली आपल्या पगाराकडे वळू शकते. नवीन कर्ज घेण्यापूर्वी अशा जामिनकीची यादी करणे हिताचे ठरते.

ज्यांच्या घरी पगाराबरोबर शेतीही आहे, त्यांनी हप्त्याचा हिशेब केवळ पगारावर करावा. कापूस, सोयाबीन यांचा पैसा वर्षातून एकदोनदा येतो आणि हप्ता दरमहा जातो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते वर्ष आपण विसरलेलो नाही. शेतीचे उत्पन्न गंगाजळीसाठी किंवा मुदतीपूर्वी कर्ज फेडण्यासाठी वापरावे. हप्त्याचा भार त्यावर टाकू नये.

आजच्या व्याजदराने मोजू नये

आता 20,000 रुपयांच्या हप्त्यात किती कर्ज बसेल? व्याजदर 9 टक्के व मुदत 15 वर्षे धरली, तर एका लाखास सुमारे 1,014 रुपये हप्ता पडतो. या हिशेबाने 19 लाखांहून अधिक कर्ज बसते. पण बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजदराची असतात. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे 2022 मध्ये 4 टक्के होता, तो फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा टक्के झाला. अवघ्या दहा महिन्यांत अडीच टक्क्यांची वाढ झाली. पुढे 2025 मध्ये दर खाली आला हे खरे, परंतु जे एकदा घडले ते पुन्हा घडू शकते. म्हणून आपली परीक्षा आजच्या दराने न घेता त्यात अडीच टक्के मिळवून घ्यावी.

साडेअकरा टक्क्यांनी 15 वर्षांसाठी एका लाखास सुमारे 1,168 रुपये हप्ता पडतो. 20,000 रुपयांत 17 लाखांचे कर्ज बसते. हे कर्ज आज 9 टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे 17,250 रुपये येईल. दर अडीच टक्क्यांनी चढला तरी तो 20,000 च्या आतच राहील. मधले पावणेतीन हजार रुपये हे या घराचे चिलखत समजावे.

मुदत : लांब की आखूड?

"मुदत वाढवा, हप्ता कमी होईल," असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धा खरा आहे. हेच 17 लाख 20 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 15,300 रुपये होतो, म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन हजारांची सवलत मिळते. परंतु एकूण व्याज 14 लाखांवरून 19 लाख 70 हजारांच्या आसपास जाते. आमचे शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतील. 20 वर्षांची मुदत घेतल्यास शेवटचा हप्ता निवृत्तीच्या उंबरठ्यावर येतो आणि पुढे सरकायला एक महिन्याचीही जागा राहत नाही.

ही जागा किती महत्त्वाची आहे, ते मागील दरवाढीने दाखविले. समजा, 2021 च्या सुमारास एखाद्याने 7 टक्क्यांनी 20 लाख रुपये 20 वर्षांसाठी घेतले. त्याचा हप्ता होतो सुमारे 15,500 रुपये. दर साडेनऊ टक्क्यांवर गेल्यावर सुरुवातीच्या मुद्दलावरील एका महिन्याचे व्याजच 15,833 रुपये होते. म्हणजे जुन्या हप्त्यातून व्याजसुद्धा फिटत नाही, मग मुद्दल कोठून फिटणार? तेच कर्ज 15 वर्षांसाठी घेणाऱ्याचा हप्ता सुमारे 18,000 रुपये होता. त्याने हप्ता तेवढाच ठेवला, तरी कर्ज साडेबावीस वर्षांत फिटते. मुदत लांबली, पण कर्ज बुडीत दिशेने गेले नाही. आखूड मुदतीत असे एक राखीव अंतर असते. लांब मुदतीत ते आपण पहिल्याच दिवशी खर्च करून टाकतो.

रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी बँकांना दिलेल्या सूचनांनुसार, दर बदलल्यावर हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे करावे, याची निवड कर्जदारास दिली पाहिजे. हप्ता व्याजापेक्षा कमी पडेल अशी मुदतवाढ होऊ नये, असेही त्यात आहे. तेव्हा दर वाढल्याचे कळताच कर्जाचे विवरण मागून शिल्लक मुदत पाहावी. हप्ता तोच राहिला म्हणून निश्चिंत राहू नये, कारण मुदत मुकाट्याने निवृत्तीच्या पलीकडे गेलेली असू शकते.

काही जण म्हणतात, मुदत लांब घ्यावी आणि हाती पैसा आला की जादा भरावा. व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, त्यामुळे हे शक्य आहे. पण असा जादा भरणा केल्यावर पुढचा हप्ता माफ होत नाही. बहुधा हप्ता तोच राहून मुदत तेवढी घटते. शिवाय भरलेला पैसा अडचणीच्या महिन्यात परत मागता येत नाही. म्हणून आधी गंगाजळी, नंतर जादा भरणा, हाच क्रम ठेवावा.

पहिला भरणा किती?

हेच तत्त्व पहिल्या भरण्यासही लागू आहे. भिंतीत गेलेला पैसा दवाखान्याच्या बिलाला उपयोगी पडत नाही. आमच्या शिक्षकांचा दरमहाचा खर्च हप्त्यासह सुमारे 51,750 रुपये होतो. सहा महिन्यांचे झाले 3 लाख 10 हजार. ही रक्कम प्रथम बाजूला काढावी. दुसरे, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, वीजजोडणी, किरकोळ बांधकाम यांसाठी दोन लाख धरावेत. मुद्रांक व नोंदणीचा खर्च बँका सामान्यतः घराच्या किमतीत धरत नाहीत, तो पदरचाच करावा लागतो. 9 लाखांतून ही दोन्ही वजा केली की उरतात 3 लाख 90 हजार. हाच खरा पहिला भरणा. 17 लाख कर्ज आणि हा भरणा मिळून घराची किंमत येते सुमारे 21 लाख रुपये.

समजा, त्यांना 24 लाखांचे घर आवडले. मार्ग दोन आहेत आणि दोन्ही धोक्याचे आहेत. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. त्याप्रमाणे 21 लाख 60 हजारांचे कर्ज 20 वर्षांसाठी घेतले, तर आजचा हप्ता सुमारे 19,400 रुपये येतो. तो मर्यादेत दिसतो खरा, पण दर अडीच टक्के वाढला की 23,000 च्या वर जातो. दुसरा मार्ग म्हणजे 7 लाख भरून कर्ज 17 लाखच ठेवणे. हप्ता मघाचाच राहतो, मात्र वरखर्चाचे दोन लाख गेल्यावर शिल्लक शून्य होते. कागदावर दोन्ही घरांचा हप्ता सारखाच. पण एका घरात सहा महिन्यांचा आधार आहे आणि दुसऱ्या घरात पगार पंधरा दिवस लांबला तरी हातउसने करावे लागतील. हप्ता भरण्यासाठी सोने गहाण ठेवावे लागणे किंवा पतसंस्थेचे कर्ज काढावे लागणे, ही हप्ता झेपत नसल्याची पहिली खूण होय. तीन हप्ते थकेपर्यंत वाट न पाहता त्याच वेळी बँकेकडे जाऊन मुदतवाढ मागावी. 15 वर्षांची मुदत घेतलेल्या माणसाजवळ मागण्यासाठी पाच वर्षे शिल्लक असतात.

मिळवणारा माणूसच गेला तर गंगाजळीही पुरणार नाही. त्यासाठी कर्जाच्या रकमेइतका निव्वळ मुदतीचा विमा घ्यावा आणि त्याचा हप्ता वार्षिक खर्चात धरावा. विम्याची एकरकमी किंमत कर्जातच मिळविली जात असेल, तर त्या रकमेवरही व्याज पडते, हे अर्जावर सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आधी सहा महिने हप्ता भरून पाहा

हा सारा हिशेब खरा की खोटा, ते कर्ज न घेताही कळू शकते. आमच्या शिक्षकांनी भाड्याचे 6,000 रुपये देत असतानाच उरलेले 14,000 रुपये दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी आवर्ती ठेवीत टाकावेत आणि गंगाजळीचे 5,500 रुपयेही चालू ठेवावेत. शक्यतो शाळा उघडण्याचा जून महिना आणि दिवाळी या काळात यावी. सहा महिन्यांत एकदाही ठेवीला हात लावावा लागला नाही, तर 20,000 ची मर्यादा खरी समजावी आणि साठलेले 84,000 रुपये पहिल्या भरण्यात घालावेत. दोनदा हात लावावा लागला, तर मर्यादा 17,000 वर आणून त्याच रीतीने कर्ज साडेचौदा लाखांचे करावे आणि घर त्या बेताने शोधावे.