‘…more’च्या अलीकडे

आजचा विषय लहान आहे: नोकरी बदलल्याचं लिंक्डइनवर कळवायचं कसं. आपल्या घरातली तरुण मंडळी हे कधी ना कधी लिहितातच. मी एकच मजकूर घेऊन बसणार आहे. तो लिहिणाऱ्या मुलीची परवानगी आहे. नावगाव मात्र सांगत नाही. मूळ मजकूर इंग्रजीत होता, मी मराठीत वाचतो.

सुरुवात अशी होती: “बदल हा जीवनाचा नियम आहे असं म्हणतात. गेले काही महिने मनात अनेक विचार घोळत होते. निर्णय सोपा नव्हता, पण प्रत्येक शेवट ही नवी सुरुवात असते…” पुढे कॉलेजच्या आठवणी, मग जुन्या कंपनीची स्तुती, आणि चौथ्या परिच्छेदात कुठेतरी नवी नोकरी. शेवटी सतरा जणांचे आभार, सगळ्यांना टॅग करून.

आता लिंक्डइनची रीत बघा. पोस्टला तीन हजार अक्षरांची मुभा आहे, पण स्क्रोल करणाऱ्याला आधी दिसतात त्या साधारण तीनच ओळी, दोनशेच्या आसपास अक्षरं. बाकीचा मजकूर ‘…more’च्या पलीकडे दडतो. मध्ये सोडलेली कोरी ओळसुद्धा या तिनांतच धरली जाते. म्हणजे या मुलीच्या पोस्टमधलं लोकांनी वाचलं ते फक्त ‘बदल हा जीवनाचा नियम’. तिला नोकरी लागली, गेली की ती संन्यास घेते आहे, काहीच कळायला मार्ग नाही.

म्हणून मी आधी चौथ्या परिच्छेदातलं ते वाक्य उचललं आणि डोक्यावर आणून ठेवलं. कोण, कुठे, कोणत्या कामावर, कधीपासून, एवढं त्यात आलं पाहिजे. तपासायची युक्ती सोपी आहे. पहिल्या वाक्याखालचं सगळं हातानं झाका आणि घरातल्या कुणाला तरी विचारा, ‘काय झालंय?’ उत्तर आलं की वाक्य जमलं.

अडचण पुढे असते. फापटपसारा काढला की मजकूर कोरडा होतो, कार्यालयीन परिपत्रकासारखा. मग लोक ओलावा यावा म्हणून विशेषणं घालतात: ‘अविस्मरणीय प्रवास’, ‘अद्भुत टीम’. या शब्दांतून कुणाचाच चेहरा दिसत नाही. मी तिला विचारलं, “सतरांपैकी एकच माणूस ठेवायचा तर कोण?” तिनं क्षणभरही विचार केला नाही. ती नवखी असताना एक लॉट ग्राहकाकडून परत आला होता, तेव्हा तिच्या साहेबांनी न रागावता तिला मशीनपाशी उभं केलं आणि एकेक पार्ट तिच्याच हातानं मोजून घेतला. उरलेल्या सोळांना तिनं खासगी मेसेज केले. जाहीर रांगेत उभं राहण्यापेक्षा त्यांना तेच आवडलं असणार, असं माझं मत.

त्यातही एक गोष्ट मी खोडली. लॉट परत आला ही जुन्या कंपनीची आणि तिच्या ग्राहकाची आतली बाब आहे. ती चव्हाट्यावर आणायची नाही. साहेबांचा चांगुलपणा त्याशिवायही सांगता येतो. शेवटी ठरलेला मजकूर असा:

“या सोमवारी मी अमुक कंपनीत क्वालिटी मॅनेजर म्हणून रुजू झाले. इलेक्ट्रिक बसच्या बॅटऱ्यांची तपासणी आता माझ्याकडे आहे.

याआधीची नऊ वर्षं चाकणला ब्रेकच्या सुट्या भागांत गेली. नवी होते तेव्हा माझं मोजमाप चुकलं, की तमुक सर रागवायचे नाहीत. शेजारी उभे राहून तोच पार्ट पुन्हा मोजायला लावायचे. सर, ती सवय घेऊन इकडे आले आहे.

बॅटरीचं काम मला नवं आहे. सेलच्या चाचण्या केलेल्या कुणाशी बोलायला मिळालं तर फार बरं होईल. मेसेज जरूर करा.”

टॅग दोनच: नवी कंपनी आणि सर. शेवटची विनंती मुद्दाम ठेवली. नुसत्या बातमीवर लोक ‘अभिनंदन’ टाकून पुढे जातात. नेमकं काही मागितलं, तर त्या कामातला माणूस थांबतो.

कॉलेजच्या आठवणी गेल्या, याचं तिला वाईट वाटलं. वाईट नव्हत्याच त्या, पण तो वेगळ्या दिवसाचा मजकूर आहे.

वेळेबद्दल दोन शब्द. ऑफर लेटर हाती आलं की लगेच पोस्ट टाकू नये. नोटीस पिरियड संपू द्या, रिलीव्हिंग लेटर घ्या, नव्या जागी रुजू व्हा, आणि तिथे असं काही जाहीर करण्याचे नियम आहेत का ते विचारा. प्रोफाइलमध्ये नवं पद भरताना नेटवर्कला कळवण्याचं बटण असतं, ते बंद ठेवा. नाहीतर लिंक्डइन स्वतःच्या ठरावीक शब्दांत बातमी आधीच फोडतं, आणि तुमच्या पोस्टच्या आधी लोकांची अभिनंदनं येऊन गेलेली असतात.