रजेचा अर्ज आणि प्रवासातील अभ्यास



रब्बीची पेरणी आटोपली आणि ज्वारी काढणीस अद्याप अवकाश असला, म्हणजे सास्तूरकडील शेतकरी कुटुंबे देवदर्शनास निघतात. तुळजापूर, सोलापूर, पंढरपूर असा आठ-नऊ दिवसांचा प्रवास होतो आणि शाळेत जाणारे मूलही बरोबर असते. आदल्या सायंकाळी पालक शाळेत येतो व म्हणतो, "गुरुजी, पोरीला आठ दिवस रजा पाहिजे." अशा वेळी मुख्याध्यापकाने काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या रजेचे मोजमाप पाहावे. बालकांच्या शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास अध्यापन अपेक्षितो. म्हणजे दिवसास सरासरी चार तास. आठ दिवसांच्या रजेत बत्तीस तास बुडतात. ही भरपाई प्रवासात होणे शक्य नाही. एस. टी.च्या गर्दीत आणि धर्मशाळेच्या ओट्यावर दिवसाकाठी अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. म्हणून "पान 30 ते 45 पूर्ण करणे" अशी अभ्यासाची योजना कागदावर शोभते, पण मुलाच्या कामास येत नाही. मूल एक तर काहीच करीत नाही, किंवा परतण्याच्या आदल्या रात्री सारी पाने उतरवून काढते.

तेव्हा प्रश्न किती अभ्यास द्यावा हा नसून कोणता द्यावा हा आहे. याचे उत्तर शिक्षकाच्या टाचणवहीत असते. पुढील आठ दिवसांचे टाचण उघडावे आणि त्याचे तीन भाग करावेत. जे मुलास आधीच येते व केवळ सरावाने पक्के होते, ते प्रवासात द्यावे. जे वाटेवर प्रत्यक्ष पाहता येते, तेही प्रवासात द्यावे. परंतु जी पायरी शिक्षकाने समोर बसवूनच शिकवावी लागते, ती प्रवासात देऊ नये. ती परतल्यावरच्या दिवसांसाठी राखून ठेवावी.

उदाहरणादाखल चौथीतील एका मुलीची रजा घेऊ. सोमवारी निघून पुढील मंगळवारी रात्री परतायचे आहे; मधला रविवार वगळता शाळेचे आठ दिवस बुडतात. टाचणात गणिताचा विषय आहे तीन अंकी संख्येचा भागाकार, आणि त्यातही भागाकारात मध्ये शून्य येणारी उदाहरणे. साधा भागाकार तिला येतो. शून्याची पायरी अद्याप शिकवलेली नाही. वडिलांना लिहिता येत नसल्यास त्यांच्या सांगण्यावरून शिक्षकाने अर्ज लिहावा, वाचून दाखवावा व मगच सही वा अंगठा घ्यावा. अर्ज असा होईल :

"मा. मुख्याध्यापक यांस, सा. न. वि. वि. माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकत आहे. कुटुंबासह तुळजापूर व पंढरपूर येथे जाण्याचे ठरले असल्याने सोमवारपासून पुढील मंगळवारपर्यंत शाळेचे आठ दिवस ती गैरहजर राहील. बुधवारी ती शाळेत हजर होईल. प्रवासात रोज अर्धा तास ती पुढीलप्रमाणे अभ्यास करील : सहा ते नऊचे पाढे तोंडी म्हणणे, शून्य न येणारे दोन भागाकार सोडवून गुणाकाराने ताळा पाहणे, दिवसभरात पाहिलेल्या एका गोष्टीवर पाच ओळी लिहिणे. नवा भागाकार परतल्यावर शाळेत शिकवावा. रजा मंजूर व्हावी, ही विनंती."

या अर्जातील शेवटून दुसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्याने पालकाला नको ते ओझे राहत नाही आणि शिक्षकाचे काम शिक्षकाकडेच राहते.

पाच ओळींसाठी विषय नेमून द्यावा, पण तो ऋतूला धरून असावा. वाटेवर नळदुर्ग लागतो. तेथील किल्ल्यात बोरी नदीवर बांध असून त्या बांधातच पाणीमहाल आहे. "नर-मादी धबधब्याचे वर्णन लिही" असे सांगितल्यास मुलगी अडचणीत येईल, कारण नदी भरून वाहते तेव्हाच पाणी बांधावरून कोसळते. पेरणीनंतरच्या दिवसांत ते दृश्य बहुधा नसते. "बांधाच्या एका बाजूस पाणी कसे दिसते आणि दुसऱ्या बाजूस काय दिसते?" हा प्रश्न मात्र कोणत्याही ऋतूत चालतो. पंढरपुरात भीमेला चंद्रभागा का म्हणतात, हे तिने नदीचे वळण पाहून लिहावे. एस. टी.त पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे तिकीट असते. वडिलांचे व आपले तिकीट वहीत चिकटवून दोन्ही रकमा ताडून पाहिल्या, की तिला निम्मे म्हणजे काय ते पुन्हा कळते.

आता परतल्यानंतरचे. मुलगी बुधवारी वही भरून आणते आणि शिक्षक सही करून मोकळा होतो. येथेच खरी चूक घडते. वर्ग आठ दिवसांत शून्याची पायरी ओलांडून गेलेला असतो. तिला 618 भागिले 6 हे उदाहरण द्यावे. उत्तर 103 ऐवजी 13 आले, तर पायरी राहिली असे समजावे. तिला रागावू नये. 13 ला 6 ने गुणण्यास सांगावे. 78 आले, की चूक तिची तिलाच दिसते. मग कागदाच्या नोटा घ्याव्यात : शंभराच्या सहा, दहाची एक आणि एक रुपयाची आठ नाणी. सहा जणांना शंभराची एकेक नोट मिळाली. दहाची एकच नोट सहा जणांना वाटता येत नाही, म्हणून दशकाच्या घरात शून्य लिहावे लागते. ती नोट मोडून दहा रुपये केले, आठ त्यात मिळवले, अठरा झाले, प्रत्येकास तीन. यानंतर 525 भागिले 5 आणि 749 भागिले 7 ही उदाहरणे तिने मदतीशिवाय सोडवली, तर रजा भरून निघाली असे म्हणता येईल. याला तीन दिवस रोज दहा मिनिटे पुरतात. ती दिली नाहीत, तर मूल पुढचा प्रत्येक भागाकार चुकते, फळ्याजवळ जाण्याचे टाळते आणि काही दिवसांनी शाळाच टाळू लागते. आठ दिवसांच्या रजेने झाले नसते ते नुकसान या दुर्लक्षाने होते.

हजेरीपटावर या दिवसांची गैरहजेरीच लावावी आणि अर्ज जपून ठेवावा. मुलीचे भले व्हावे म्हणून हजेरी लावल्यास पोषण आहाराचा हिशेबही खोटा होतो. त्याचबरोबर रजेच्या कारणाने पटावरून नाव कमी करण्याची भीती पालकास दाखवू नये; प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत बालकास शाळेतून काढता येत नाही, असे तोच कायदा सांगतो.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानी घ्यावी. ऊसतोडीसाठी कुटुंब चार-पाच महिने परगावी जात असेल, तर त्यास रजेचा अर्ज व वहीतील पाच ओळी पुरणार नाहीत. त्या मुलास गावीच हंगामी वसतिगृहात ठेवणे, किंवा शिक्षण हमी पत्रक देऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसवणे, हाच मार्ग होय. पालक "आठ दिवस" म्हणत असला, तरी घरातील भांडीकुंडी व जनावरेही निघाली आहेत काय, हे शिक्षकाने आपुलकीने विचारून घ्यावे. देवदर्शनाचा प्रवास असेल, तर अर्ज लिहून घ्यावा, टाचणवही उघडावी, आणि बुधवारची दहा मिनिटे त्याच वेळी टाचणात नोंदवून ठेवावीत.