पाहणाऱ्याचे कर्तव्य



कचेरीत एखादा वरिष्ठ अधिकारी स्त्री सहकाऱ्याचा लैंगिक छळ करीत असल्याचे दिसले, तर आपण मध्ये पडावे काय? हा प्रश्न आपल्या धैर्याचा आहे असे आपण समजतो. परंतु आपल्या कृतीचे परिणाम कोणाला भोगावे लागतील, हे आधी पाहिले पाहिजे. संतापून साहेबांना सुनावल्याने आपल्याला समाधान लाभेल. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत तिलाच जावयाचे असते आणि तिचा गोपनीय अहवालही तेच लिहितात.

असे समजू या की, एक अधिकारी आपल्या लघुलेखिकेला कामाचे निमित्त सांगून सायंकाळी थांबवून घेतो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि नको ते बोलतो. बाहेर बसणाऱ्या लिपिकाला हे दिसते. त्याने एखादी फाइल घेऊन आत जावे आणि ती बाहेर पडेपर्यंत तेथून हलू नये. भांडणावाचून प्रसंग तुटतो. अंगावर हल्लाच होत असेल, तर मात्र निमित्त शोधू नये; तत्काळ आडवे यावे आणि इतरांना हाक मारावी.

नंतर तिला एकांतात एवढेच सांगावे, “मी पाहिले आहे. आपली काय इच्छा आहे?” त्याच रात्री तारीख, वेळ, जागा आणि कानी पडलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. त्यांत तर्क मिसळू नये, आणि कचेरीत वाच्यताही करू नये; चर्चा झालेली साक्ष पढवलेली वाटते.

2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. शारीरिक असमर्थतेमुळे वा अन्य कारणाने तिला स्वतः तक्रार करणे शक्य नसेल, तर घटना ठाऊक असलेली व्यक्ती ती करू शकते. मात्र तिची लेखी संमती हवी. चौकशी चालू असताना तिने लेखी मागणी केल्यास, तिचा गोपनीय अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याची शिफारस समितीला करता येते. तिची पहिली भीती बहुधा हीच असते. म्हणून ही तरतूद तिला आवर्जून सांगावी.

ती “नको” म्हणाली, तर तो निर्णय तिचा आहे. टिपण जपून ठेवावे, सायंकाळी तिला एकटी पडू देऊ नये आणि मुदत सरण्यापूर्वी एकदा पुन्हा विचारावे. तिने होकार दिला, तर समितीपुढे आपल्या नावानिशी साक्ष द्यावी. बदलीची धास्ती त्या वेळी आपल्यालाही वाटेल. आपल्या धैर्याची खरी गरज तेथे आहे.